लंबर पंक्चर: सुई कोणत्या थरांतून जाते आणि बाळात पातळी खाली का घ्यायची

प्रश्न: मी बालरोग विभागात नुकताच रुजू झालो आहे. इंटर्नशिपमध्ये मोठ्या माणसांची एलपी पाहिली होती, तिथे एल ३–एल ४ मध्ये सुई घालत. इथे तान्ह्या बाळांत एल ४–एल ५ च्या वर जायचे नाही असे सांगतात. हा फरक नेमका कशामुळे? सुई कोणकोणते थर ओलांडते? आणि बाळात तो ‘पॉप’ मला कधीच जाणवत नाही, तर आत पोहोचलो हे ओळखायचे कसे?

उत्तर: तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पातळीचा आकडा पाठ करण्यापेक्षा पाठीच्या कण्यातील तीन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवावीत. पहिले, मज्जारज्जूचे खालचे टोक, ज्याला आपण कोनस म्हणतो. दुसरे, ज्या पिशवीत पाणी असते त्या ड्युराच्या पिशवीचा तळ. तिसरे, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा, जी आपण बोटांनी शोधतो. पहिली दोन ठिकाणे शरीराच्या आत असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. तिसरे बाहेरून हाताला लागते आणि त्यावरून आपण आतल्या दोघांचा अंदाज बांधतो. वयानुसार ही तिन्ही ठिकाणे मणक्यांच्या तुलनेत सरकतात. प्रौढ आणि बाळ यांच्यातील फरकाचे मूळ या सरकण्यात आहे.

प्रथम आतल्या दोन ठिकाणांविषयी. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू मणक्यांच्या नळीची संपूर्ण लांबी व्यापून असतो आणि प्रत्येक मज्जातंतू आपापल्या मणक्यासमोरून सरळ आडवा बाहेर पडतो. त्यानंतर कणा आणि त्याच्या आतले ड्युराचे आवरण रज्जूपेक्षा वेगाने लांब होऊ लागते. रज्जू वरच्या बाजूला मेंदूशी जोडलेला असल्यामुळे वाढीतली ही तफावत सारी खालच्या टोकाला दिसते, आणि ते टोक मणक्यांच्या तुलनेत वर वर जाते. पुस्तकांत याला रज्जूचे आरोहण म्हटलेले असते. त्या शब्दामुळे रज्जू आखडतो किंवा कोणी तो वर ओढून घेतो असा समज होऊ शकतो, पण प्रत्यक्षात रज्जूही वाढतच असतो. त्याच्या भोवतीचे घर मात्र अधिक वेगाने वाढते. मज्जातंतूंची बाहेर पडण्याची भोके कण्याबरोबर खाली गेल्यामुळे तंतूंना तिरके होत, लांब होत त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. म्हणूनच प्रौढ माणसात कमरेच्या पाचव्या मणक्याखालून बाहेर पडणारा तंतू रज्जूपासून निघतो तो बाराव्या छातीच्या किंवा पहिल्या कमरेच्या मणक्याच्या आसपास, आणि उरलेले सगळे अंतर तो पाण्यात लोंबकळत कापतो. अशा तंतूंचा जो जुडगा रज्जूच्या टोकाखाली तयार होतो तो अश्वपुच्छ, म्हणजे कॉडा इक्वायना.

लंबर पंक्चर शक्य होते ते याच रचनेमुळे. रज्जूचे टोक संपल्यानंतर आणि पिशवीचा तळ येण्याआधी एक पट्टा असा मिळतो, जिथे पाणी आहे, पण रज्जू नाही. त्या पट्ट्यात मोकळे तंतू पाण्यात तरंगत असतात. सुईचे टोक त्यांच्याजवळ आले तर ते बहुधा बाजूला सरकतात. रज्जूला तशी मोकळीक नसते, कारण तो दोन्ही बाजूंनी पाया आवरणाच्या दातेरी बंधनांनी ड्युराला बांधलेला असतो. एखाद्या तंतूला सुई लागली तर एका पायात विजेसारखी कळ जाते आणि सुई मागे घेतली की ती सहसा थांबते. रज्जूला लागली तर इजा कायमची असू शकते.

प्रौढ माणसात कोनस बहुधा एल १ च्या खालच्या कडेपाशी किंवा एल १–एल २ च्या चकतीसमोर संपतो. पण ही सरासरी आहे. काही निरोगी माणसांत तो बाराव्या छातीच्या मणक्यासमोरच संपतो, काहींत एल २ च्या खालच्या कडेपर्यंत आणि क्वचित एल ३ पर्यंत उतरतो. पिशवीचा तळ प्रौढात एस २ च्या आसपास असतो. म्हणजे सुईसाठी उपलब्ध पट्टा ढोबळमानाने एल २ ते एस २.

नवजात बाळात हा संपूर्ण पट्टा सुमारे एक मणका खाली असतो. जुन्या पुस्तकांत जन्माच्या वेळी कोनस एल ३ वर असतो असे सरसकट लिहिलेले आढळते. आता सोनोग्राफीने प्रत्यक्ष पाहता येते, कारण तान्ह्या बाळाच्या मणक्यांच्या मागच्या कमानी पूर्ण हाडाच्या झालेल्या नसतात आणि ध्वनिलहरी त्यांच्यातून आत शिरतात. त्यात असे दिसते की पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांत टोक एल २–एल ३ च्या चकतीच्या वरच असते, काही निरोगी बाळांत मात्र ते एल ३ च्या मध्यापर्यंत मिळते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत ते त्याहूनही खाली असू शकते. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांत ते प्रौढांच्या पातळीला पोहोचते. बाळात पिशवीचा तळही खाली, एस ३ च्या आसपास असतो.

आता तुम्ही विचारू शकाल की तीन महिन्यांनंतर कोनस वर गेलेला असेल, तर वर्षभराच्या बाळातही आपण खालीच का राहतो. याचे उत्तर शरीररचनेपेक्षा आपल्या बोटांच्या मर्यादेत आहे, आणि ते तिसऱ्या ठिकाणाकडे घेऊन जाते.

कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेला तुफिए या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे नाव आहे. प्रौढात ती एल ४ च्या मणक्यावरून किंवा एल ४–एल ५ च्या फटीवरून जाते, म्हणून रेषेच्या लगेच वरची फट साधारणपणे एल ३–एल ४ असते. बाळाचे ओटीपोटाचे हाड शरीराच्या मानाने लहान असते आणि कण्याच्या तुलनेत खाली बसलेले असते. त्यामुळे नवजात बाळात हीच रेषा एल ५ च्या किंवा एल ५–एस १ च्या आसपास पडते. म्हणजे तुम्ही प्रौढात आणि बाळात अगदी तशीच बोटे ठेवलीत, तशीच रेषेच्या वरची पहिली फट निवडलीत, तरी प्रौढात तुम्ही एल ३–एल ४ मध्ये असता आणि बाळात एल ४–एल ५ मध्ये. कोनस बाळात जेवढा खाली, जवळपास तेवढीच ही खूणही खाली. मला विद्यार्थिदशेत हे कोणी सांगितले असते तर आकडे पाठ करण्याचा बराच त्रास वाचला असता. म्हणून मी माझ्या निवासी डॉक्टरांना फटीचा क्रमांक विचारण्याआधी रेषा कुठे पडली ते विचारतो.

पण या खुणेवर विसंबताना एक चूक नेहमी एकाच दिशेने होते. आपण हाडाची कडा त्वचा आणि चरबी यांच्यावरून चाचपतो, त्यामुळे बोटे खऱ्या कडेच्या थोडी वर टेकतात आणि रेषा वर सरकते. स्थूल माणसात आणि गरोदर स्त्रीत ही चूक आणखी वाढते. अनुभवी भूलतज्ज्ञांनी बोटांनी ओळखलेली फट नंतर एमआरआयने तपासली गेली आहे आणि ती पुष्कळदा मानलेल्या फटीच्या एक, कधी दोन जागा वर निघाली आहे. खाली चुकले तर फारतर सुई हाडावर अडते. वर चुकले तर रज्जूकडे सरकते. एल २–एल ३ ही फट प्रौढात कागदोपत्री सुरक्षित वाटते, पण जिला आपण एल २–एल ३ म्हणतो ती खरोखर एल १–एल २ असू शकते. म्हणून प्रौढातही एल ३–एल ४ च्या वर जाऊ नये. शंका असेल तिथे मी एल ४–एल ५ पसंत करतो. बाळातही हाच हिशेब लागू होतो. मणके इवलेसे असतात आणि एका बोटाच्या रुंदीत दोन फटी येऊ शकतात. कोनस वर गेल्यावरही वर्षभर खाली राहण्याचा नियम आपल्या बोटांच्या या चुकीसाठी राखून ठेवलेली जागा आहे.

आता थरांकडे वळू. मध्यरेषेतून सरळ गेलेली सुई प्रथम त्वचा आणि तिच्याखालची चरबी ओलांडते. त्यानंतर मणक्यांच्या मागच्या टोकांवरून खाली धावणारे सुप्रास्पायनस बंधन येते, आणि मग दोन टोकांच्या मधले इंटरस्पायनस बंधन. हे दुसरे बंधन सुईला चहूबाजूंनी धरून ठेवते. हात सोडला तरी सुई डगमगत नाही, आणि ती मध्यरेषेत आहे याची ती चांगली खूण असते. सुई सहज इकडेतिकडे हलत असेल आणि आत मऊ लागत असेल, तर ती बाजूच्या स्नायूत गेलेली आहे असे समजावे. वृद्धांत ही दोन बंधने कधी चुन्यासारखी कडक झालेली असतात. तेव्हा अनुभवी लोक मुद्दाम मध्यरेषेपासून थोडे बाजूने शिरतात. त्या वाटेने सुई स्नायूंतून थेट पुढच्या थराला भिडते आणि ही दोन्ही बंधने टळतात.

पुढचा थर महत्त्वाचा आहे. तो लिगामेंटम फ्लेव्हम, म्हणजे पिवळे बंधन. लवचिक तंतूंचे प्रमाण फार असल्याने त्याचा रंग पिवळसर दिसतो आणि सुईला तो घट्ट रबरासारखा लागतो. प्रौढाच्या कमरेत त्याची जाडी सुमारे ३ ते ५ मिलिमीटर असते. ते ओलांडले की एपिड्युरल जागा येते, ज्यात चरबी आणि शिरांचे जाळे असते. प्रौढाच्या कमरेत मध्यरेषेत ही जागा जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर खोल असते. तिच्या पलीकडे ड्युरा, आणि ड्युराच्या आतल्या बाजूला अगदी चिकटून अरॅक्नॉइड. अरॅक्नॉइडच्या आत पाणी. इथे सुई थांबते. पाया हे तिसरे आवरण रज्जूला आणि तंतूंना लपेटलेले असते आणि सुईने ते ओलांडायचे नसते. परीक्षेत विद्यार्थी तीन आवरणे म्हणून पाया मोजतात आणि मी तिथे नेहमी थांबवून विचारतो की सुई पाया आवरणातून गेली तर ती कशात गेली.

ज्याला आपण ‘पॉप’ म्हणतो ते म्हणजे या वाटेवरचा प्रतिकार एकाएकी नाहीसा होणे. प्रौढात पिवळे बंधन आणि ड्युरा यांच्यातले अंतर इतके थोडे असते की दोन्ही सुटण्याची जाणीव पुष्कळदा एकच धक्का म्हणून येते. शिवाय उजव्या आणि डाव्या बाजूची पिवळी बंधने मध्यरेषेत काही माणसांत पूर्ण जुळलेली नसतात आणि तिथे फट राहते. नेमक्या त्या फटीतून सुई गेली तर प्रौढातही प्रतिकार जाणवत नाही. म्हणजे ‘पॉप’ आला तर उपयोगी, पण न आल्यास त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बाळात तो जवळपास येतच नाही. बंधने मऊ असतात, पिवळे बंधन पातळ असते, एपिड्युरल जागा एक-दोन मिलिमीटरची असते आणि ड्युराही नाजूक. हाताला सगळे एकसारखे मऊ लागते. जो निवासी डॉक्टर प्रौढांवर शिकलेली जाणीव बाळात शोधत राहतो, तो सुई पुढे ढकलत जातो आणि पिशवी आरपार ओलांडतो. म्हणून बाळात खोलीचा हिशेब आधीच करून ठेवावा. लहान मुलांत त्वचेपासून पाण्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये काढण्याची एक सोपी रीत अशी, की मुलाच्या उंचीच्या सेंटिमीटरना ०.०३ ने गुणावे. ५० सेंटिमीटर लांबीच्या नवजात बाळात हे अंतर दीड सेंटिमीटर येते. प्रौढात ते चार ते सहा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि स्थूल माणसात त्याहून पुष्कळ अधिक. म्हणूनच प्रौढासाठी ९ सेंटिमीटरची सुई लागते आणि नवजात बाळासाठी २२ गेजची, सुमारे ३.८ सेंटिमीटरची पुरते. लक्षात घ्या की या छोट्या सुईचीही अर्धी लांबी बाहेरच राहायला हवी.

हे सगळे एका प्रसंगात कसे उतरते ते सांगतो. अठरा दिवसांचे, पूर्ण दिवसांचे एक बाळ ताप आणि दूध न ओढण्याच्या तक्रारीने आले होते. वजन ३.१ किलो, लांबी ५० सेंटिमीटर. टाळू किंचित ताणलेली होती. श्वास व्यवस्थित होता, प्लेटलेट पुरेशा होत्या आणि पाठ डोळ्यांखालून घातली तेव्हा कमरेखाली खळगा, केसांचा पुंजका किंवा गाठ यांपैकी काही नव्हते. पहिला प्रतिजैविकाचा डोस एलपीसाठी थांबवला नव्हता. पहिला प्रयत्न एका निवासी डॉक्टरने केला. त्याने रेषेच्या वरची फट अचूक निवडली, पण ‘पॉप’ येईल म्हणून तो थांबत-थांबत पुढे जात राहिला. सुईचे जवळपास अडीच सेंटिमीटर आत गेल्यावर स्टायलेट काढला तेव्हा गडद रक्त आले आणि ते नळीत गोठले.

पन्नास सेंटिमीटरच्या बाळात पाणी दीड सेंटिमीटरवर मिळायला हवे होते. अडीच सेंटिमीटरवर सुईने पिशवीत शिरून, तिची पुढची भिंत भेदून, मणक्याच्या मागे असलेल्या शिरांच्या जाळ्याला छेदले होते. बाळांतली रक्ताळलेली एलपी बहुतेक वेळा अशीच होते. सुई वाट चुकत नाही, योग्य वाटेनेच गरजेपेक्षा पुढे जाते. पाणी बाटलीसारखे साठलेले आहे आणि खोल गेले की जास्त मिळेल, असा समज हाताला नकळत पुढे नेतो. प्रत्यक्षात बाळाच्या पिशवीची मागची आणि पुढची भिंत यांत काही मिलिमीटरचेच अंतर असते.

दुसऱ्या प्रयत्नासाठी नवी सुई घेतली. रक्त साचले होते ती फट सोडली आणि एक फट वर, म्हणजे एल ३–एल ४ मध्ये शिरलो. पहिली पसंती एल ४–एल ५ चीच, पण ती फट सोडावी लागली तर पूर्ण दिवसांच्या बाळात ही वरची मर्यादा आहे, याच्या वर जायचे नाही. बाळ कुशीवर, टेबलाच्या कडेशी. सिस्टरने एक हात खांद्यामागे आणि दुसरा ढुंगणामागे ठेवून पाठीची कमान केली. मान मुद्दाम वाकवू दिली नाही. मान दाबून छातीवर आणली तर बाळाची श्वासनलिका अरुंद होते आणि ऑक्सिजन उतरतो. पाठीच्या फटी उघडतात त्या कंबर आणि नितंब वाकवल्यामुळे, मानेमुळे फारसा फरक पडत नाही. पायाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला होता आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

दोन्ही खांदे आणि दोन्ही नितंब एकावर एक, जमिनीला काटकोनात आहेत याची खात्री केली. बाळ जरा जरी पालथे किंवा उताणे कलले तरी सुई मध्यरेषा सोडते, आणि इतक्या लहान पाठीत दोन-तीन मिलिमीटरची चूकही पुरेशी असते. सुई पाठीला जवळपास लंब, किंचित बाळाच्या बेंबीच्या रोखाने. बाळाच्या कमरेला प्रौढासारखी आत वळलेली वक्रता अजून आलेली नसते आणि मणक्यांची मागची टोके आडवी असतात, त्यामुळे फार तिरके जाण्याची गरज नसते. सुईच्या तिरप्या टोकाचे तोंड छताकडे, म्हणजे बाळाच्या कुशीकडे ठेवले, जेणेकरून पाते ड्युराच्या उभ्या तंतूंना आडवे छेदत जाणार नाही.

स्टायलेट आत ठेवून त्वचा आणि चरबी ओलांडली. ही खबरदारी सोडू नये. स्टायलेटशिवाय त्वचेतून सुई घातली तर त्वचेचा सूक्ष्म तुकडा पोकळीत बसून आत जाऊ शकतो आणि काही वर्षांनी तिथे एपिडर्मॉइड गाठ वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. साधारण १ सेंटिमीटरवर स्टायलेट बाहेर काढला आणि तो बाहेर ठेवूनच एका वेळी एक-दोन मिलिमीटर पुढे सरकत, प्रत्येक वेळी थांबून सुईच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बाळात दाब कमी असतो, त्यामुळे पाणी दिसायला काही सेकंद लागतात आणि ती वाट पाहावीच लागते. १.४ सेंटिमीटरच्या सुमारास सुईच्या तोंडाशी थेंब जमला. कोणताही ‘पॉप’ आला नव्हता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर तेच आहे: बाळात पोहोचल्याची खात्री डोळ्यांनी करावी, हाताच्या जाणिवेवर सोडू नये.

पहिल्या नळीतले थेंब गुलाबी होते, दुसरीत रंग फिका झाला आणि तिसरीत लाली गेली. हा उतरता क्रम सांगतो की रक्त आपल्या सुईमुळे वाटेत मिसळले होते. मेंदूभोवती खरोखर रक्तस्राव झालेला असेल तर तिन्ही नळ्यांत रंग सारखाच राहतो आणि नळी फिरवून ठेवली तर वरचे पाणीही पिवळसर दिसू शकते. अर्थात नवजात बाळाला कावीळ असेल तर पिवळेपणावर विसंबता येत नाही. तिसऱ्या नळीतले पाणी तांदळाच्या धुवणासारखे किंचित गढूळ होते, आणि त्यानेच निदान पुढे नेले. एकूण दीड मिलिलिटर घेतले. सुई काढण्यापूर्वी स्टायलेट पुन्हा आत घातला. प्रौढांत असे केल्याने नंतरची डोकेदुखी कमी होते, कारण सुईबरोबर अरॅक्नॉइडचा धागा ओढला जाऊन ड्युराचे छिद्र उघडे राहण्याची शक्यता घटते. बाळ डोकेदुखी सांगू शकत नाही, म्हणून ही काळजी त्यालाही घ्यावी असे मला वाटते.

या रीतीने सुई बहुधा पोहोचते. जेव्हा पोहोचत नाही तेव्हा हाड कोणत्या खोलीवर लागले ते पाहावे. फार वरच, काही मिलिमीटरवरच हाड लागले तर ते बहुधा खालच्या मणक्याचे टोक असते. सुई त्वचेखालपर्यंत मागे घेऊन रोख किंचित डोक्याकडे करावा. खोलवर हाड लागले तर सुई मध्यरेषा सोडून कमानीच्या बाजूच्या भागावर आली आहे, आणि तेव्हा कोन बदलण्याआधी बाळाची ठेवण पुन्हा पाहावी. सुई पूर्ण आत असताना तिचे टोक वळवू नये, ती आतच वाकते आणि तुम्हाला वाटते त्या दिशेला जात नाही. मोठा रुग्ण एखाद्या पायात कळ गेल्याचे सांगतो, तेव्हा सुई त्या बाजूला सरकलेली असते आणि मागे घेऊन विरुद्ध बाजूला रोख करावा लागतो. बाळ सांगत नाही, पण त्याचा एकच पाय झटक्याने ताणला जातो. सिस्टरला आधीच सांगून ठेवावे की कोणता पाय हलला ते लगेच बोलून दाखवा. दोन प्रयत्नांत पाणी मिळाले नाही तर माझ्या मते अधिक अनुभवी हाताला बोलवावे किंवा सोनोग्राफीने फट आणि खोली पाहून मग पुढे जावे. पहिल्या दोन प्रयत्नांत साचलेले एपिड्युरल रक्त पिशवीला पुढे दाबते आणि तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा अवघड होतो.

एक परिस्थिती अशी आहे की वर सांगितलेले काहीही लागू होत नाही. बाळाच्या ढुंगणाच्या फटीच्या वर खोल खळगा, केसांचा झुबका, लालसर डाग किंवा मऊ गाठ असेल, तर मज्जारज्जू खाली बांधला गेलेला असू शकतो, ज्याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात. अशा बाळात रज्जूचे टोक वर सरकलेलेच नसते आणि ते एल ४ किंवा एल ५ पर्यंतही असू शकते. तिथे एल ४–एल ५ ही सुरक्षित फट राहत नाही. मी अशा बाळात सोनोग्राफीने कोनस कुठे आहे हे पाहिल्याशिवाय सुई घालत नाही, आणि मेनिंजायटिसची शंका तीव्र असेल तर प्रतिजैविके सुरू करून एलपी पुढे ढकलतो. म्हणूनच बाळाला कुशीवर घेण्याआधी डायपर पूर्ण काढून संपूर्ण पाठ आणि ढुंगणाची फट उजेडात पाहावी. पाठीवर कापड पांघरल्यानंतर या खुणा कोणालाच दिसत नाहीत.